आधी इन्फो दाबा

नवा टीव्ही बसवलेल्या घरी गेलो की मी चित्राकडे नंतर बघतो. आधी रिमोट मागून घेतो आणि इन्फोचं बटण दाबतो. आमच्या धंद्यात याला ‘इन्फो मारणं’ म्हणतात. कोपऱ्यात दोन-चार सेकंद एक पट्टी येते, `3840x2160 60Hz HDR` असं काहीतरी दाखवते आणि निघून जाते. घरच्यांना वाटतं, कारागीर उगाच बटणं दाबतोय. पण हल्लीचे टीव्ही इतके हुशार झालेत की आत कमी प्रतीचा सिग्नल आला तरी ते चित्र मोठं करतात, रंग ताणतात, उजेड वाढवतात आणि माणसाला बरं वाटेल असं काहीतरी समोर ठेवतात. डोळ्यांना शंका येत नाही. एचडीआरचे पैसे मोजून महिनोन्‌महिने साधं चित्र बघणारी घरं मी पाहिली आहेत आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. म्हणून आधी पट्टी, मग चित्र.

सगळ्या कंपन्यांची पट्टी सारखी नसते. बऱ्याच टीव्हींवर इन्फो किंवा डिस्प्लेच्या बटणाने रिझोल्यूशन, फ्रेमचा वेग आणि एचडीआर एवढंच दिसतं. काही एलजी टीव्हींवर हिरवं बटण भराभर दाबलं की वेगाची माहिती देणारी छोटी खिडकी उघडते. बिट डेप्थ, म्हणजे रंगाच्या छटा किती बारीक मोजल्यात हा आकडा, टीव्ही सहसा उघडपणे सांगत नाही. तो कळतो मधल्या एव्ही रिसीव्हरच्या माहितीच्या पानावर. डेनॉन किंवा मरान्ट्झच्या रिसीव्हरवर सेटअपमध्ये माहितीचं पान उघडून व्हिडिओवर गेलं की आत काय आलं, बाहेर काय गेलं, रंगाची मांडणी कोणती आणि बिट किती, हे सगळं एका जागी सापडतं. मी टीव्हीची पट्टी आणि रिसीव्हरचं पान शेजारी शेजारी वाचतो. दोन्हींत फरक पडला की गडबड कुठे आहे ते तिथेच कळतं.

कोथरूडच्या एका घराचा किस्सा सांगतो, कारण त्या एका घरात जवळजवळ सगळंच शिकण्यासारखं होतं. काका बँकेतून निवृत्त झालेले, सिनेमाचे जबरदस्त शौकीन. पासष्ट इंची ओएलईडी भिंतीवर, स्ट्रीमिंग बॉक्स आणि रिसीव्हर समोरच्या कपाटात, मधली एचडीएमआय केबल भिंतीतून गेलेली. त्यांची तक्रार फोनवरच नेमकी होती. “अहो, संध्याकाळचं आभाळ दाखवलं ना, की पायऱ्यापायऱ्या दिसतात. सपाट उतरत नाही रंग. आणि एचडीआर हा शब्द मला फक्त टीव्हीच्या खोक्यावर दिसला, पडद्यावर नाही.”

गेलो, सिनेमा लावला, इन्फो मारली. टीव्ही म्हणाला `3840x2160 60Hz`. एचडीआरचा उल्लेख नाही. रिसीव्हरचं पान उघडलं. तिथे रंगाची मांडणी `YCbCr 4:2:0`, बिट डेप्थ `8 bits`, आणि एचडीआरच्या जागी नुसत्या रेघा. काकांना मी म्हटलं, “काका, रिझोल्यूशन फोर-केच आहे, पण बाकी तीनही गोष्टी चुकल्यात. वेग सिनेमाचा नाही, बिट कमी आहेत आणि एचडीआर आलेलंच नाही.”

बिटचं आधी सांगतो. आठ बिट म्हणजे प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या, दहा बिट म्हणजे १०२४. साध्या चित्राला २५६ पुरतात. पण आभाळात एकाच निळ्याच्या शेकडो छटा हळूहळू बदलत जातात, आणि वरून टीव्हीचा व्हिव्हिड मोड त्या ताणत असेल, तर पायऱ्यांमधलं अंतर डोळ्यांना दिसू लागतं. काकांना दिसत होतं ते हेच. एचडीआरला तर उजेडाची व्याप्ती फारच मोठी असते, म्हणून एचडीआर१० या नावातच दहाचा आकडा आहे.

मग बॉक्स आठच बिट का पाठवत होता? एचडीएमआयने जोडलेली यंत्रं चालू होताच आपापसात बोलून घेतात. टीव्ही आपल्याला काय काय झेपतं त्याची यादी पाठवतो, तिला ईडीआयडी म्हणतात, आणि बॉक्स त्या यादीतलं निवडतो. गंमत अशी की बऱ्याच टीव्हींचे एचडीएमआय पोर्ट ठरावीक सेटिंग चालू केल्याशिवाय पूर्ण यादी पाठवतच नाहीत. जुनी यंत्रं मोठी यादी वाचून गोंधळतात, म्हणून कंपन्यांनी ही काळजी घेतलेली असते. सोनीवर हे सेटिंग एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट या नावाने असतं आणि ते स्टँडर्डवरून एन्हान्स्डवर न्यावं लागतं. सॅमसंगवर त्याचं नाव इनपुट सिग्नल प्लस, एलजीवर डीप कलर. ते पोर्टागणिक वेगळं असतं, त्यामुळे एका पोर्टावर चालू केलं आणि नंतर केबल दुसऱ्यात खोचली तर सगळी मेहनत वाया. रिसीव्हरमध्येही असंच वेगळं सेटिंग असतं, कारण टीव्हीची यादी बॉक्सपर्यंत रिसीव्हरच्या हातून जाते. काकांकडे दोन्ही ठिकाणी स्टँडर्डच होतं.

दोन्ही बदलले. पडदा काळा झाला, परत आला, आणि पट्टीवर पहिल्यांदा `HDR` उमटलं. काका खूश. पण माझं लक्ष बॉक्सच्या मेनूवर होतं. काळ्या पार्श्वभूमीवर मधूनच पांढरे ठिपके चमकत होते, आणि थोड्या वेळाने चित्र दोन सेकंद पूर्ण गेलं आणि आलं.

ठिपके आणि चित्राचं असं जाणं-येणं हे केबल कमी पडल्याचं लक्षण. एचडीएमआय २.० चा सगळा रस्ता सेकंदाला १८ गिगाबिटचा. फोर-के चित्र सेकंदाला साठ वेळा, पूर्ण रंगात आणि आठ बिटांत पाठवलं तरी त्याला १७.८२ लागतात, म्हणजे रस्ता काठोकाठ भरतो. तेच दहा बिटांत करायचं तर २२ च्या वर लागतात, ते बसतच नाही. म्हणून साठच्या वेगाला एचडीआर पाठवायचं तर रंगाची बारकाई कमी करावी लागते. उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची राहते, रंगाची दोन पिक्सेलांत मिळून एक, ही 4:2:2 ची मांडणी. चार पिक्सेलांत मिळून एक झाली की 4:2:0. काकांच्या बॉक्सने 4:2:2 निवडलं होतं. त्यालाही १७.८२ च लागतात, आणि भिंतीतल्या केबलला ते पेलत नव्हते.

हे अंदाजाने सांगून चालत नाही, सिद्ध करावं लागतं. माझ्या पिशवीत खात्रीची दोन मीटरची केबल कायम असते. बॉक्स कपाटातून काढून टीव्हीजवळ स्टुलावर ठेवला आणि ती केबल थेट लावली. तोच सिनेमा, तोच मेनू, एकही ठिपका नाही. म्हणजे बॉक्स आणि टीव्ही दोघे निर्दोष. मग रिसीव्हर मध्ये घेऊन दोन्ही बाजूंना छोट्या केबल लावल्या, तरी स्वच्छ. उरली भिंत. कपाटामागे बाहेर आलेल्या टोकावर टॉर्च मारली, तर छापलं होतं नुसतं ‘हाय स्पीड’. त्या वर्गाची केबल १०.२ गिगाबिटच्या जमान्यातली, पूर्ण रंगातल्या फोर-केला तीसच्या वेगापर्यंतची. पूर्ण १८ साठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ असं प्रमाणपत्र लागतं, आणि एचडीएमआय २.१ च्या ४८ साठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’. दोन मीटरमध्ये साधी केबलही कधी कधी निभावून नेते. या भिंतीतल्या बारा मीटरमध्ये नाही.

“म्हणजे भिंत फोडायची?” काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं. केबल नळीत असती तर तिच्याच टोकाला नवी ऑप्टिकल केबल बांधून ओढून घेता आली असती. पण इंटिरियरवाल्याने ती थेट प्लास्टरमध्ये गाडली होती. भिंतीतून जाणारी प्रत्येक केबल नळीतूनच न्यावी, आणि नळी एचडीएमआयचं डोकं पार होईल एवढी रुंद असावी, हे मी प्रत्येक घरात काम सुरू होण्याआधी सांगतो. या घरात मी उशिरा पोचलो होतो.

तोड निघाली ती वेगात. सिनेमा मुळात सेकंदाला चोवीस फ्रेमचा. साठऐवजी चोवीस पाठवले की त्याच 4:2:2 एचडीआर चित्राला १७.८२ ऐवजी ८.९१ गिगाबिट पुरतात. जुन्या केबलला ते सहज झेपतात. म्हणून बॉक्सचं मूळ सेटिंग ठेवलं फोर-के, साधं चित्र, साठचा वेग, 4:2:0, यालाही ८.९१ च लागतात, त्यामुळे मेनूतले ठिपके गेले. आणि मजकुराप्रमाणे फ्रेमचा वेग व एचडीआर आपोआप बदलण्याचे दोन्ही पर्याय चालू केले. आता सिनेमा सुरू झाला की पडदा क्षणभर काळा होतो, टीव्ही नव्या वेगावर जातो, आणि इन्फो मारली की `3840x2160 24Hz HDR`. रिसीव्हरचं पान म्हणतं `YCbCr 4:2:2`, `12 bits`. आभाळ सपाट उतरलं. मर्यादा राहिली ती साठच्या वेगातल्या एचडीआरची. नातू गेमचं यंत्र घेऊन आला तर त्याला टीव्हीच्या दुसऱ्या पोर्टात थेट छोटी केबल लावून खेळावं लागेल, हे काकांना मी वहीत लिहून दिलं.

निघताना काकांनी चष्मा वर करून विचारलं, “सिनेमा दहा बिटांचा म्हणालात, मग हा बारा का लिहितो?” फार चांगला प्रश्न. एचडीएमआयवर 4:2:2 ची जागाच बारा बिटांची आखलेली आहे. दहा बिटांचा माल आला तरी तो त्याच जागेत जातो, उरलेले दोन बिट शून्याने भरतात. बारा पुडांच्या डब्यात दहाच पुडं भरावीत तसं. पट्टी डबा मोजते, आतलं जेवण नाही.

हे एकदा मनात बसलं की पुढचा किस्सा सोपा होतो, पण मुलुंडच्या एका तरुण गिऱ्हाईकाची त्यापायी झोप उडाली होती. रात्री साडेअकराला फोन. “दादा, डॉल्बी व्हिजन लावलंय, टीव्हीवर लोगोपण आला, पण रिसीव्हर म्हणतोय `RGB 4:4:4`, `8 bits`. मला आठच बिट मिळतायत. केबल बदलू का?” मी त्याला म्हटलं, काही बदलू नको, हेच बरोबर आहे.

डॉल्बी व्हिजन एचडीएमआयवरून दोन तऱ्हांनी जातं. एका तऱ्हेत चित्राची अंतिम जुळवणी टीव्ही करतो. तेव्हा बॉक्स बारा बिटांचं 4:2:2 चित्र आणि सोबतच्या सूचना एकत्र गुंफून साध्या आठ बिटी आरजीबीच्या रूपात पाठवतो. मधल्या यंत्रांना तो नेहमीचा सिग्नल वाटतो, त्यामुळे जुन्या साधनांतूनही तो धक्का न लागता पार होऊ शकतो. टीव्ही तो उलगडतो आणि आतले बारा बिट बाहेर काढतो. रिसीव्हर बिचारा बाहेरचं वेष्टन वाचून आठ म्हणतो. दुसऱ्या तऱ्हेत जुळवणी बॉक्स करतो, आणि तेव्हा पानावर सरळ `YCbCr 4:2:2`, `12 bits` दिसतं. सोनीचे कित्येक टीव्ही या दुसऱ्या तऱ्हेने चालत आलेत. म्हणून डॉल्बी व्हिजन चालू असताना बिटच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नसतो, टीव्हीने डॉल्बी व्हिजन ओळखलं की नाही तेवढंच बघायचं. मात्र पानावर `HDR10` आणि `8 bits` एकत्र दिसले, तर तिथे खरंच शोध घ्यायला हवा.

एचडीआर लिहिलंय म्हणजे एचडीआर आहे, यावरही मी लगेच विश्वास ठेवत नाही. काही बॉक्सवर एचडीआर कायम चालू ठेवण्याचं सेटिंग असतं. मग बातम्या असोत की मालिका, बॉक्स सगळ्याला एचडीआरचं रूप देऊन पाठवतो आणि पट्टी दिवसभर एचडीआर म्हणत राहते. चेहरे जरा तांबूस, पांढरं जरा मळकट, असा कायमचा बारीक त्रास त्यातून होतो. तपासायची माझी पद्धत अशी: जुना कृष्णधवल सिनेमा लावायचा, १९५३ चा ‘श्यामची आई’ सापडला तर उत्तमच, आणि इन्फो मारायची. तिथेही एचडीआर आलं तर तो बॉक्सचा उद्योग. सेटिंग मजकुराप्रमाणे बदलण्यावर न्यायचं, परत इन्फो मारायची, आणि एचडीआर हा शब्द गेल्याची खात्री करायची. तो शब्द गेला म्हणून खूश होणारा माणूस बघून घरचे चकित होतात.

याच्या बरोबर उलट प्रकार अंधेरीच्या एका कलर ग्रेडिंगच्या खोलीत पाहिला. तिथे रंगतज्ज्ञाचा महागडा मॉनिटर वेगळा असतो आणि निर्माता-दिग्दर्शकांनी बघायचा मोठा ओएलईडी टीव्ही वेगळा. मॉनिटरवर प्रसंग झगमगत होता, टीव्हीवर तोच राखाडी, धुतल्यासारखा. दिग्दर्शक अस्वस्थ, रंगतज्ज्ञ घामाघूम. इन्फो मारली, एचडीआर नाही. चित्र एचडीआरच्या वक्राने बांधलेलं होतं, पण ते एचडीआर आहे असं टीव्हीला सांगणारी छोटी खूण सिग्नलसोबत जातच नव्हती. एसडीआयचं एचडीएमआय करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये ती चालू करावी लागते. टीव्ही बापडा साधं चित्र समजून ते दाखवत होता. खूण चालू केली, पट्टीवर शब्द आला आणि दोन्ही पडदे जुळले. चित्रात एकाही रंगाला हात लावावा लागला नाही.

रिझोल्यूशनबद्दल थोडक्यात सांगतो. पट्टीवरचं `3840x2160` हे बॉक्स काय पाठवतोय ते आहे, इंटरनेटवरून काय आलं ते नाही. लाइन मंद असेल तर ॲप खालच्या दर्जाचं चित्र आणतं, बॉक्स ते फुगवून फोर-के करतो, आणि पट्टी निर्धास्तपणे फोर-के लिहिते. यूट्यूबवर `Stats for nerds` उघडलं की आलेलं खरं रिझोल्यूशन कळतं, आणि रंगाच्या ओळीत `smpte2084 (PQ) / bt2020` दिसलं तर मूळ मजकूरच एचडीआर आहे हेही कळतं. पट्टी आणि ही खिडकी दोन्ही जुळल्या तर शंका उरत नाही.

मला स्वतःला सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट वेगाची, आणि तिचं कारण क्रिकेट. भारतातलं टीव्ही प्रसारण पन्नासचं. डीटीएचच्या एचडी चॅनलवर इन्फो मारली की `1080i 50Hz` दिसतं, ते बरोबर. पण बाजारातले बहुतेक स्ट्रीमिंग बॉक्स साठवर लावलेले येतात. पन्नासचा सामना साठमध्ये बसवायला बॉक्स दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम पुन्हा दाखवतो, म्हणजे सेकंदाला दहा अडखळे. फलंदाज उभा असताना काही कळत नाही. पण कव्हर ड्राइव्ह मारला, कॅमेरा चेंडूमागे वळला, की चेंडू गवतावरून घसरण्याऐवजी ठेचकाळत जातो आणि सीमारेषेवरच्या जाहिराती थरथरतात. नाशिकच्या एका घरी मुलं म्हणत होती नेट खराब आहे, वडील म्हणत होते टीव्ही खराब आहे. इन्फोवर `60Hz` होतं. वेग आपोआप बदलण्याचा पर्याय चालू केला, तरी साठच. कारण तो पर्याय चालू असला तरी ॲपने वेग मागावा लागतो, आणि अँड्रॉइडवरची बरीच ॲपं तो मागतच नाहीत. मग बॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हाताने पन्नास निवडलं. पट्टीवर `3840x2160 50Hz` आलं, आणि पुढच्याच षटकात एक चौकार सीमारेषेपर्यंत न अडखळता गेला.

चोवीसच्या सिनेमाला साठमध्ये असाच त्रास होतो. एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा, अशी लंगडी चाल पडते, आणि कॅमेरा सावकाश फिरत असेल तेव्हा ती जाणवते. काही टीव्ही ही चाल ओळखून सरळ करतात, काही करत नाहीत, म्हणून मी पट्टीवर चोवीस आल्याशिवाय सोडत नाही. चोवीसच्या जागी `23.98` दिसलं तरी घाबरायचं कारण नाही. बरेच सिनेमे नेमके त्याच वेगाने येतात आणि काही टीव्ही तो आकडा चोवीस करून लिहितात.

नाशिकच्या त्या वडिलांना मी एकच काम लावून दिलं. सामन्याआधी पन्नास करायचं, सिनेमाआधी चोवीस, आणि दोन्ही वेळा खुर्चीत बसल्यावर इन्फो मारून आकडा वाचायचा. आता त्यांची धाकटी मुलगी टॉसच्या आधी रिमोट घेते आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवते.